कॉमन कुठे जोडला आहे?

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लोहार चाळीत प्रॉक्सिमिटी सेन्सर घ्यायला गेलात, तर दुकानदार आधी व्होल्टेज विचारतो, मग व्यास विचारतो आणि शेवटी विचारतो, "एनपीएन देऊ का पीएनपी?" बहुतेक गिऱ्हाइके खिशातून जुना सेन्सर काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हाच द्या." जुना सेन्सर त्याच यंत्रावर नीट चालत होता, तोवर हे उत्तर अगदी बरोबर आहे. पण यंत्राचा पीएलसी बदलला असेल, किंवा जुन्या यंत्राला नवा सेन्सर वाढवायचा असेल, तर ते पुरत नाही. दोन्ही सेन्सर दिसायला सारखे, बहुधा किमतीलाही सारखे, वायरींचे रंगही तेच. चुकीचा निवडला तर काही जळत नाही, धूर येत नाही. फक्त सेन्सरवरचा दिवा लागतो आणि पीएलसीवरचा लागत नाही. मग सगळी पाळी या दोन दिव्यांमधले अंतर शोधण्यात जाते.

हे अंतर समजायला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. पीएलसीच्या इनपुटमध्ये काय असते आणि करंट कोणत्या बाजूने येऊन कुठे जातो, एवढे कळले की पुरे.

इनपुटच्या आत

पीएलसी म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक. बटण दाबले का, बाटली समोर आली का, दार बंद आहे का, असे हो-नाहीचे प्रश्न तो सतत विचारत असतो आणि त्यांची उत्तरे त्याला इनपुट कार्डाच्या टर्मिनलांवर मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर हे काम २४ व्होल्ट डीसीवर चालते.

प्रत्येक इनपुटच्या मागे एक रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ऑप्टोकपलर नावाचा छोटा भाग असतो. ऑप्टोकपलरमध्ये एक बारीक एलईडी असतो. त्यातून पुरेसा करंट वाहिला की तो पेटतो, समोरचा प्रकाशसंवेदी भाग ते पाहतो आणि पीएलसीला 'हो' कळते. म्हणजे इनपुट व्होल्टेज नुसते 'पाहत' नाही, त्याला खरोखर करंट लागतो. आणि करंट वाहायचा तर वाट दोन्हीकडे पूर्ण हवी. इनपुटचे एक टोक म्हणजे आपण सेन्सरची वायर लावतो ते टर्मिनल. दुसरे टोक म्हणजे 'कॉमन'. चार, आठ किंवा सोळा इनपुटांची दुसरी टोके आत एकत्र बांधून एकाच टर्मिनलवर बाहेर काढलेली असतात.

हा कॉमन शून्य व्होल्टला जोडला, तर इनपुट चालू करायला टर्मिनलवर २४ व्होल्ट द्यावे लागतात. करंट टर्मिनलमधून आत शिरतो आणि कॉमनमधून शून्याकडे जातो. कॉमन २४ व्होल्टला जोडला, तर उलटे होते. टर्मिनल शून्याला टेकवावे लागते आणि करंट टर्मिनलमधून बाहेर पडतो. पहिल्या जोडणीला सिंकिंग इनपुट म्हणतात, दुसरीला सोर्सिंग. आजच्या अनेक कार्डांत ऑप्टोकपलरमध्ये दोन एलईडी उलट-सुलट जोडलेले असतात. त्यामुळे करंट कोणत्याही दिशेने गेला तरी एक पेटतोच, आणि एकच कार्ड दोन्ही पद्धतींनी वापरता येते. कोणती पद्धत हे कार्ड ठरवत नाही. कॉमनची वायर आपण कुठे लावली त्यावर ते ठरते.

सेन्सर कोणती बाजू जोडतो

तीन वायरींच्या सेन्सरला तपकिरी वायर २४ व्होल्टची, निळी शून्याची आणि काळी आउटपुटची असते. एनपीएन असो वा पीएनपी, हे रंग बदलत नाहीत. बदल आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये असतो. पीएनपी सेन्सरला समोर वस्तू दिसली की तो काळी वायर आतून तपकिरीला जोडतो, म्हणजे काळ्या वायरीवर २४ व्होल्ट येतात. एनपीएन सेन्सर काळी वायर निळीला जोडतो, म्हणजे ती शून्यावर ओढली जाते. वस्तू समोर नसताना दोन्ही सेन्सरांची काळी वायर साधारणपणे कशालाच जोडलेली नसते, ती मोकळी लोंबकळत असते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवायचा. एनपीएन सेन्सर वस्तू नसताना स्वतःहून २४ व्होल्ट देतो असा पुष्कळांचा समज असतो. तो तसे करत नाही. तेव्हा वायरीवर जे व्होल्टेज दिसते ते पलीकडच्या इनपुटमधून आलेले असते.

घरातल्या दिव्याचे उदाहरण इथे चपखल बसते. बटण फेजच्या वायरीत टाकले तरी दिवा लागतो-विझतो आणि न्यूट्रलच्या वायरीत टाकले तरी लागतो-विझतो. पीएनपी म्हणजे दिव्याच्या आधी, वरच्या बाजूला टाकलेले बटण. एनपीएन म्हणजे दिव्याच्या नंतर, खालच्या बाजूला टाकलेले बटण. दिवा म्हणजे इनपुटमधला एलईडी. बटण वरच्या बाजूला असेल तर दिव्याचे दुसरे टोक खाली बांधलेले हवे. बटण खाली असेल तर दुसरे टोक वर. वायरमन घरात बटण फेजमध्येच टाकतो, कारण न्यूट्रलमध्ये टाकले तर दिवा विझला तरी होल्डर जिवंत राहतो. हाच विचार पुढे सेन्सर निवडतानाही कामाला येणार आहे.

यातून नियम एवढाच निघतो: कॉमन शून्याला असेल तर पीएनपी, कॉमन २४ व्होल्टला असेल तर एनपीएन. सेन्सर आणि कॉमन सप्लायच्या विरुद्ध टोकांना हवेत. दोघे एकाच टोकाला असले, तर दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्टेज आणि मध्ये करंट शून्य.

एक गल्लत इथेच दूर करू. एनओ-एनसी हा वेगळा प्रश्न आहे. वस्तू आल्यावर आउटपुट जोडले जाते की सुटते, ते एनओ-एनसी सांगते. जोडले जाते ते वरच्या टोकाला की खालच्या, ते पीएनपी-एनपीएन सांगते. दुकानात दोन्ही सांगावे लागतात.

'सिंक' या शब्दावर विसंबू नका

नियम सोपा असूनही चुका होतात, त्याला मॅन्युअलमधली भाषा बरीच कारणीभूत आहे. सीमेन्स किंवा रॉकवेलच्या कागदपत्रांत सिंक इनपुट म्हणजे करंट आत घेणारे इनपुट, म्हणजेच कॉमन शून्याला आणि सेन्सर पीएनपी. मित्सुबिशीच्या एफएक्स३यू मालिकेच्या मॅन्युअलमध्ये मात्र इनपुट टर्मिनलमधून करंट बाहेर पडतो त्या जोडणीला सिंक इनपुट म्हटले आहे. तिथे 'एस/एस' असे लिहिलेले कॉमन टर्मिनल २४ व्होल्टला लावतात आणि सेन्सर एनपीएन लागतो. डेल्टाच्या डीव्हीपी पीएलसीतही एस/एस टर्मिनल २४ व्होल्टला असलेल्या जोडणीला सिंक म्हणतात. शब्द तोच, जोडणी नेमकी उलट.

दोघांपैकी चूक कोणी नाही. एकाने नाव देताना इनपुटकडे पाहिले, दुसऱ्याने बाहेरून जोडलेल्या सेन्सरच्या वागण्याकडे. पण भोसरी-चाकणच्या एकाच शेडमध्ये जपानी, तैवानी आणि जर्मन यंत्रे शेजारी उभी असतात आणि एकच मेंटेनन्सवाला तिघांवर काम करतो. त्याने ऑर्डरमध्ये 'सिंक सेन्सर पाठवा' असे लिहिले, तर काय येईल ते पुरवठादाराच्या सवयीवर अवलंबून राहील. म्हणून मागणी लिहिताना आणि ड्रॉइंगवर टीप टाकताना 'पीएनपी' किंवा 'एनपीएन' लिहावे, आणि कार्डाबद्दल 'कॉमन शून्याला' किंवा 'कॉमन २४ व्होल्टला' लिहावे. या दोन गोष्टींचे दोन अर्थ निघत नाहीत.

एका यंत्राची गोष्ट

आता हे सगळे एका कामावर लावून पाहू. समजा, जुने पॅकिंग यंत्र आहे. त्यावरचा एफएक्स३यू पीएलसी काढून सीमेन्सचा एस७-१२०० मालिकेतला सीपीयू १२१४सी बसवला आहे. यंत्रावर सहा एनपीएन प्रॉक्सिमिटी सेन्सर, दोन लिमिट स्विच, एक स्टार्ट आणि एक स्टॉप बटण. जुन्या जोडणीत एस/एस २४ व्होल्टला होते, त्यामुळे लिमिट स्विच आणि बटणांची दुसरी टोकेही शून्यालाच बांधलेली आहेत. हे ध्यानात घ्या: साधे बटण ना एनपीएन असते ना पीएनपी, पण ते ज्या टोकाला बांधले त्या टोकाचे होते.

पॅनलवाल्याने नवा पीएलसी मॅन्युअलमधल्या पहिल्या आकृतीप्रमाणे जोडला. तिथे इनपुटांचा कॉमन, ज्यावर 'वन-एम' लिहिलेले असते, तो शून्याला दाखवलेला असतो. यंत्र चालू केले आणि एकही इनपुट येईना. प्रॉक्सीसमोर लोखंडी पट्टी धरली की प्रॉक्सीचा दिवा लागतो, पीएलसीचा लागत नाही. मल्टिमीटरने इनपुट टर्मिनल आणि शून्य यांच्यात मोजले, तर पट्टी असताना जेमतेम एखादा व्होल्ट आणि पट्टी नसताना शून्य. दोन्ही वेळी जवळपास सारखेच दिसते, म्हणून सेन्सर खराब झाले असे वाटते. सहाच्या सहा एकदम खराब होत नाहीत, आणि बटणेही चालत नाहीत, ही खूण ओळखायची. सगळीच इनपुटे मुकी असतील तर आधी कॉमन पाहावा.

वन-एमची वायर शून्यावरून काढून २४ व्होल्टला लावली की जुनी दहाही इनपुटे जिवंत होतात. सेन्सर बदलावे लागत नाहीत, यंत्रावरची एकही वायर हलवावी लागत नाही. एस७-१२०० च्या इनपुटांना दोन्ही दिशा चालतात, म्हणून हे जमते. एकाच दिशेचे कार्ड असते तर जमले नसते. म्हणून पीएलसी बदलण्याआधी नव्या कार्डाला दोन्ही दिशा चालतात का, हे पाहून घ्यावे.

आता मालकाने सांगितले की बाटल्या मोजायला दोन फोटोसेन्सर वाढवा. स्टोअरमध्ये पीएनपी होते, तेच लावले. त्यांचे दिवे लागतात, पीएलसीला काही कळत नाही. कारण उघड आहे. पीएनपी सेन्सर बाटली दिसल्यावर टर्मिनलला २४ व्होल्ट देतो आणि कॉमनही २४ व्होल्टला आहे. १२१४सी वरच्या चौदाही इनपुटांचा कॉमन एकच असल्यामुळे तेवढ्या दोन इनपुटांसाठी तो वेगळा करता येत नाही. इथे कोणीतरी वन-एम परत शून्याला लावून पाहतो. मग फोटोसेन्सर चालतात आणि बाकी सगळे मरते.

वाटा तीन आहेत. सर्वात स्वच्छ म्हणजे ते दोन सेन्सर बदलून एनपीएन घ्यावेत. दुसरी वाट म्हणजे वेगळे इनपुट मॉड्यूल वाढवून त्याचा कॉमन शून्याला लावावा. आठ इनपुटांच्या एसएम १२२१ मॉड्यूलमध्ये चार-चारचे दोन गट असतात आणि प्रत्येकाचा कॉमन वेगळा असतो. त्यामुळे एका गटावर पीएनपी आणि दुसऱ्यावर एनपीएनसुद्धा घेता येतात. तिसरी वाट म्हणजे मध्ये छोटा इंटरफेस रिले टाकावा. पीएनपी सेन्सर रिलेची कॉइल चालवतो आणि रिलेचा कोरडा संपर्क टर्मिनलला शून्य देतो. रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून वेगाने धावणाऱ्या बाटल्या मोजायला तो योग्य नाही. दार बंद आहे का, असे पाहायला चालतो.

रेझिस्टर लावून काम भागते का

शॉप फ्लोअरवर चौथी वाटही सांगितली जाते, की एक रेझिस्टर टाका, चालेल. ती खोटी नाही, पण हिशेबाने टाकावी लागते. आपल्या उदाहरणात पीएनपी सेन्सरच्या काळ्या आणि निळ्या वायरीमध्ये रेझिस्टर लावायचा. बाटली नसताना काळी वायर मोकळी असते. तेव्हा २४ व्होल्टच्या कॉमनमधून, इनपुटमधून आणि मग या रेझिस्टरमधून करंट शून्याकडे जातो आणि इनपुट चालू होते. बाटली आली की सेन्सर काळ्या वायरीवर २४ व्होल्ट ठेवतो आणि इनपुट बंद होते. म्हणजे अर्थ उलटा होतो. तो प्रोग्राममध्ये उलटा वाचावा लागतो आणि ते ड्रॉइंगवर लिहून ठेवावे लागते, नाहीतर पुढचा माणूस फसतो.

आता रेझिस्टर किती ओहमचा? एस७-१२०० चे इनपुट २४ व्होल्टला साधारण ४ मिलिअँपिअर घेते, म्हणजे ते ढोबळमानाने ६ किलोओहमसारखे वागते. इनपुट नक्की 'हो' समजण्यासाठी त्याच्या दोन टोकांमध्ये निदान १५ व्होल्ट आणि अडीच मिलिअँपिअर लागतात. ५ व्होल्ट आणि १ मिलिअँपिअरच्या खाली ते नक्की 'नाही' समजते. मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी कंपनी देत नाही.

पेटीत सहज सापडतो तो १० किलोओहमचा रेझिस्टर. तो लावला तर २४ व्होल्ट सहा आणि दहा या प्रमाणात वाटले जातात आणि इनपुटच्या वाट्याला ९ व्होल्ट येतात. नेमके मधल्या पट्ट्यात. असा सेन्सर टेबलावर चालतो, दुपारी पॅनल तापल्यावर चालत नाही, शेजारचा पीएलसी बदलला की पुन्हा चालतो. अशा दोषामागे माणसे आठवडे घालवतात. ४.७ किलोओहम लावला तर साडेतेरा व्होल्ट येतात, तेही हमीच्या खालीच. २.२ किलोओहम लावला तर सुमारे साडेसतरा व्होल्ट आणि जवळपास ३ मिलिअँपिअर मिळतात. हे चालते.

पण मग दुसरी बाजू पाहावी लागते. सेन्सर चालू असताना त्या रेझिस्टरवर पूर्ण २४ व्होल्ट येतात, सुमारे ११ मिलिअँपिअर वाहतात आणि पाव वॉटपेक्षा थोडी जास्त उष्णता निघते. नेहमीचा पाव वॉटचा रेझिस्टर तिथे हळूहळू करपतो. अर्धा वॉटचा, शक्यतो एक वॉटचा घ्यावा. एनपीएन सेन्सर शून्याच्या कॉमनवर चालवायचा असेल तर हाच रेझिस्टर काळ्या आणि तपकिरी वायरीमध्ये जातो. बाकी हिशेब तोच. रात्री यंत्र अडले आणि योग्य सेन्सर सकाळी येणार असेल, तर हा उपाय करावा. सकाळी सेन्सर आला की रेझिस्टर काढून टाकावा.

हातातला सेन्सर ओळखावा कसा

लेबल शाबूत असेल तर त्यावर छोटी आकृती असते. लोडचा चौकोन काळ्या आणि निळ्या वायरीमध्ये दाखवला असेल तर सेन्सर पीएनपी, काळ्या आणि तपकिरीमध्ये असेल तर एनपीएन. लेबल तेलाने पुसले असेल, तर तोच २.२ किलोओहमचा रेझिस्टर कामाला येतो. सेन्सर पीएलसीपासून सोडवावा, तपकिरी आणि निळ्याला २४ व्होल्टचा सप्लाय द्यावा. रेझिस्टर काळ्या आणि निळ्यामध्ये लावून त्याच दोन वायरींवर मल्टिमीटर धरावा. समोर धातूची पट्टी नेली-आणली की व्होल्टेज शून्य आणि चोवीसच्या जवळ असे हलले, तर सेन्सर पीएनपी. हलले नाही, तर रेझिस्टर काळ्या आणि तपकिरीमध्ये लावून मीटरही तिथेच न्यावा. इथे हलले तर एनपीएन. दोन्हीकडे हलले नाही तर सेन्सर गेला. रेझिस्टर न लावता मोजू नये. मोकळ्या वायरीवर मीटर काहीही दाखवू शकतो, आणि त्या आकड्यावरून चांगले सेन्सर कचऱ्यात जातात.

दोन वायरींचे डीसी सेन्सरही मिळतात. ते बटणासारखे मालिकेत बसतात, त्यामुळे बऱ्याच वेळा दोन्ही पद्धतींना चालतात. पण बंद असतानाही त्यांतून थोडा करंट गळत असतो, कारण त्यांना स्वतः जागे राहायला तो लागतो. हा गळणारा करंट इनपुटच्या 'नाही'च्या मर्यादेखाली आहे ना, हे दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून पाहावे.

नवे यंत्र असेल तर कोणता घ्यावा

जुन्या यंत्रात जे आहे त्याला जुळवून घ्यावे लागते. नवे पॅनल करताना मात्र निवड आपल्या हातात असते. जपानी आणि त्यांच्या पद्धतीने बनलेल्या आशियाई यंत्रांत एनपीएनची चाल रुळली, युरोपात पीएनपीची. सुरुवातीच्या काळात एनपीएनला तांत्रिक कारणही होते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन होलपेक्षा सहज धावतात, म्हणून एनपीएन ट्रान्झिस्टर त्याच आकारात सरस पडत असे. शिवाय टीटीएल चिपा करंट आत ओढायला जितक्या समर्थ होत्या तितक्या बाहेर द्यायला नव्हत्या. प्रसिद्ध ७४०० चिप आउटपुटवर १६ मिलिअँपिअर ओढू शके आणि देऊ शके फक्त ०.४. आज सेन्सरच्या बाबतीत हा फरक उरलेला नाही. उरलेला फरक आहे तो वायर खरवडल्यावर काय होते, याचा.

पॅनलमध्ये २४ व्होल्ट सप्लायचे शून्य टोक सहसा अर्थला बांधतात. यंत्राची बॉडीही अर्थला असते. म्हणजे बॉडी आणि शून्य एकच. आता हलत्या केबल चेनमध्ये सेन्सरच्या काळ्या वायरीचे आवरण घासून फाटले आणि तांबे बॉडीला टेकले. जोडणी एनपीएनची असेल तर इनपुटला शून्य मिळाले. करंट फक्त ४ मिलिअँपिअर वाहतो, एवढ्याने कुठलाही फ्यूज उडत नाही. पीएलसीच्या दृष्टीने सेन्सर चालू झाला. ती वायर स्टार्ट बटणाची असेल, तर बटण न दाबताच पीएलसीला स्टार्ट मिळाला. त्या वेळी कोणाचा हात यंत्रात असू शकतो.

स्टॉप बटणाची गोष्ट याहून वाईट आहे. स्टॉप नेहमी एनसी असतो: सगळे ठीक असताना इनपुट चालू, दाबले की बंद. एनपीएन पद्धतीने जोडलेल्या स्टॉपची वायर बॉडीला लागली, तर इनपुट कायमचे चालू राहते. बटण दाबूनही यंत्र थांबत नाही, आणि हे बटण दाबेपर्यंत कोणालाच कळत नाही.

हाच अपघात पीएनपी पद्धतीत पाहा. सेन्सर बंद असताना वायर बॉडीला लागली तर टर्मिनलवर शून्यच राहते आणि इनपुट बंदच राहते. सेन्सर चालू व्हायला गेला तर २४ व्होल्ट सरळ अर्थला जातात. सेन्सरमधले शॉर्ट सर्किट संरक्षण आउटपुट तोडते, आणि साधे बटण असेल तर फ्यूज जातो. दोन्ही वेळी इनपुट बंद होते. एनसी स्टॉप असेल तर यंत्र थांबते. दोष लपत नाही, लगेच समोर येतो. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२०४-१ हेच मागते, की अर्थ फॉल्टमुळे यंत्र आपोआप सुरू होऊ नये आणि थांबणे अडू नये. कंट्रोल सप्लायचे एक टोक अर्थ करून स्विच दुसऱ्या टोकाला ठेवणे हा त्यासाठीचा नेहमीचा मार्ग आहे. घरातले बटण फेजमध्ये टाकण्यामागचा विचार तो हाच.

पीएनपीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. केबलमध्ये काळी वायर शेजारच्या २४ व्होल्टच्या वायरीला चिकटली, तर पीएनपीचे इनपुटही खोटे चालू होते. हे अर्थला टेकण्यापेक्षा कमी वेळा घडते, पण घडते. म्हणून आणीबाणीचा स्टॉप आणि सुरक्षा दारे कधीही साध्या इनपुटवर सोडू नयेत. त्यांना दुहेरी चॅनलचा सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी लागतो. आणि जुने एनपीएनचे यंत्र धडपणे चालत असेल, तर नुसत्या हौसेने सगळे बदलत बसू नये. त्याऐवजी त्याच्या केबल चेनमधल्या वायरी वेळेवर तपासाव्यात आणि स्टॉपची वायर आधी तपासावी.

नव्या यंत्रासाठी माझे मत स्पष्ट आहे. कॉमन शून्याला लावा, सगळे सेन्सर पीएनपी घ्या, थांबवणारी प्रत्येक खूण एनसी ठेवा. एका पॅनलमध्ये दोन जाती ठेवू नका. ठेवाव्याच लागल्या तर त्यांना वेगळ्या कॉमनचे वेगळे मॉड्यूल द्या. आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत एक ओळ लिहून चिकटवा: "इनपुट कॉमन शून्याला, सेन्सर पीएनपी." पाच वर्षांनी रात्रपाळीला सेन्सर बदलणाऱ्या माणसाला मॅन्युअल सापडेलच असे नाही, पण दार उघडल्यावर ही ओळ त्याला दिसेल.